आजोबांच्या वहीतलं अर्धं पान, कोपऱ्यात "चा. घन…" : हे गाणं कुठलं?

अंजनीकाठ
नमस्कार मंडळी. एरंडोलच्या घराचं माळवद उतरवताना आजोबांची (आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो) एक हाताने शिवलेली वही सापडली. ते गावात शिक्षक होते, भजनात पेटी वाजवायचे. वहीत अभंग, आरत्या, दोन-तीन पोवाडे आहेत, ते ओळखीचे आहेत. एक पान मात्र वरून फाटलंय आणि मधे कसर लागलीय. त्यावर एवढंच वाचता येतं:

…गांवोगांवीं हांक पोंचली, तापीच्या तीरां
कापुस वेंचुनि, ढोरें बांधुनि, सोडुनि घरदारा
बांबूंचें हें नगर उगवलें, माळावरि सारें
चला गड्यांनो [इथे भोक] ॥धृ॥

उजव्या कोपऱ्यात तिरकं लिहिलंय "चा. घन" आणि पुढचं फाटून गेलंय. म्हणजे चाल, एवढं कळलं. गाणं कुणाचं, कोणत्या चालीवरचं? नेटवर ओळी टाकून पाहिल्या, काही मिळत नाही. फोटो जोडलाय.

रेडिओवेडा
सोपं आहे हो. "घन तमी शुक्र बघ राज्य करी". तांब्यांची कविता, लताबाईंनी गायलेली. तेच असणार.

नवा_सभासद७
हे घ्या, पूर्ण गाणं ऐकायला मिळेल, शब्दही खाली दिलेत. यूट्यूबवर "घन तमी" एवढं टाका, पहिलंच येतं.

अंजनीकाठ
@नवा_सभासद७ धन्यवाद, पण मला ते गाणं नकोय. ज्याची चाल घेतली ते गाणं वेगळं आणि पानावर आहे ते वेगळं. मला पानावरचं हवंय.

मात्रा_मोजणी
अंजनीकाठ, हे आधीच स्पष्ट केलंत ते बरं झालं, कारण अशा धाग्यांवर निम्मी भांडणं त्यातूनच होतात. "चाल" लिहिलेलं असतं ते फक्त भांडं. आत काय शिजवलंय ते भांड्यावरून कळत नाही. कळतं ते इतकंच, की आतला पदार्थ त्या भांड्यात मावला पाहिजे.

म्हणून पहिलं काम, मावतंय का ते बघणं. तुमच्या ओळी बोटांवर मोजा. "गांवोगांवीं" आठ, "हांक पोंचली" आठ, "तापीच्या तीरां" दहा. एकूण २६. दुसरी: "कापुस वेंचुनि" आठ, "ढोरें बांधुनि" आठ, "सोडुनि घरदारा" दहा. परत २६. तिसरीही तशीच. ज्याने कुणी लिहिलंय त्याचा कान पक्का होता, एकही मात्रा सांडलेली नाही.

आता "घन तमी शुक्र बघ राज्य करी". मोजून बघा, सोळात संपतं. तुमच्या ओळीतले शेवटचे दहा ठेवायला तिथे जागाच नाही. रेडिओवेडा, तुमचा अंदाज इथे बाद.

रेडिओवेडा
मान्य. पण मग "घनश्याम सुंदरा श्रीधरा अरुणोदय झाला". 'अमर भूपाळी'तलं. चित्रपट १९५१ चा, म्हणजे वहीचं पान १९५१ नंतरचं. झालं, तारीखही मिळाली!

मात्रा_मोजणी
अर्धं बरोबर. मात्रा जुळतात, त्याच्याही २६ होतात. पण तारखेचं गणित घाईचं झालं. ती भूपाळी होनाजी बाळाची, पेशवाईच्या उत्तरार्धातली. चित्रपटाने ती घराघरात नेली हे खरं, पण त्याआधीही लोक ती म्हणत होतेच. चालीचं नाव भूपाळीचं असेल तर पान १९२० चंही असू शकेल आणि १९६० चंही.

उलटी चूकही होते. 'संत तुकाराम' चित्रपटातलं "आधी बीज एकले" शांताराम आठवल्यांनी १९३६ मध्ये लिहिलं आणि लोकांनी ते तुकोबांचा अभंग म्हणून वह्यांत उतरवून घेतलं. वहीवाल्याला जे जुनं वाटतं ते जुनं असतंच असं नाही, आणि नवं वाटतं तेही नवं असतंच असं नाही.

सावदेकर
इथे कुणी ओळी वाचल्या की नुसत्याच मोजल्या? "बांबूंचें हें नगर उगवलें माळावरि"! अहो, हे फैजपूर आहे. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. माळावर बांबूचं टिळकनगर उभारलं होतं, नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ते "बांबूचं गाव" असंच आहे. कापूस वेचायचे दिवसही तेच. सानेगुरुजी गावोगाव फिरले होते त्यासाठी. मला तर हे गाणं त्यांचंच वाटतं.

मात्रा_मोजणी
सावदेकर, फैजपूर मलाही पटतंय, सानेगुरुजी मात्र नाही. निदान एवढ्यावरून नाही. त्या काळी प्रत्येक तालुक्यात चार शिक्षक पदं रचत होते. आणि हे पान एका शिक्षकाच्या वहीत आहे. सर्वांत जवळचा संशयित सोडून लांब कशाला जायचं?

माहेर_धुळे
मला वाटलं कानबाईचं गाणं असेल म्हणून धागा उघडला. माझ्या आईचीही अशीच वही आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रात्रभर त्या वहीतून म्हणायच्या सगळ्या, रोटांचं काम चालू असतानाच. तिच्यात चाल कुठेच लिहिलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "चाल काय लिखानी? तोंडमा ऱ्हास." आता ती नाही, आणि निम्मी गाणी मला वाचता येतात पण म्हणता येत नाहीत. तुमच्या पानावर निदान दोन अक्षरं तरी आहेत चालीची.

एक विचारू? "तीरां", "पोंचली", "वेंचुनि" असे अनुस्वार आहेत. म्हणजे ते जुनंच असणार ना? आम्हाला शाळेत असं शिकवलं नाही.

मात्रा_मोजणी
ताई, निरीक्षण अगदी बरोबर. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण त्यावरून पान १९६२ च्या आधीचं असं नाही म्हणता येत. माझे वडील १९८५ पर्यंत "नाहीं" आणि "केलें" लिहीत होते. अनुस्वारावरून लिहिणारा कधी शाळेत गेला ते कळतं, पान कधी लिहिलं ते नाही.

आणि आता एक अडचण सांगतो, जी काल रात्री लक्षात आली. "घन"ने सुरू होणारं, २६ मात्रांचं आणखी एक गाणं आहे. "घन घन माला नभी दाटल्या कोसळती धारा". गदिमांचं, मन्ना डे यांनी गायलेलं, 'वरदक्षिणा' चित्रपटातलं. साठच्या दशकातलं.

आता गंमत बघा. दोन्हींच्या मात्रा सारख्या, पण ओळ मोडते वेगळ्या जागी. "घनश्याम सुंदरा" मध्ये आठवी मात्रा "सुं"वर संपते, शब्दाच्या मधोमध. तिथे थांबताच येत नाही. "घन घन माला / नभी दाटल्या / कोसळती धारा" मध्ये आठ, आठ, दहा असे स्वच्छ तुकडे पडतात. आणि तुमच्या पानावरच्या तिन्ही ओळी तशाच स्वच्छ तुटतात. "कापुस वेंचुनि / ढोरें बांधुनि / सोडुनि घरदारा." दोन्ही चालींवर म्हणून बघा, पावसाच्या चालीत ओळ घसरगुंडीसारखी जाते, भूपाळीत "ढोरें" अडखळतात.

रेडिओवेडा
मग झालंच की. साठच्या दशकातली चाल, म्हणजे गाणं साठच्या दशकातलं. सावदेकरांचं फैजपूर गेलं. १९३६ चं गाणं पंचवीस वर्षांनंतरच्या चालीवर कसं असेल?

सावदेकर
मग तुम्हीच सांगा साठ साली खान्देशात बांबूचं नगर कुणी बांधलं.

गिरणामाय
"घनश्याम"च्या मात्रा तुम्ही २६ कशा केल्या? घ एक, न एक, श्या दोन, म एक. पाचच होतात. मग ओळ २५ ची.

मात्रा_मोजणी
@गिरणामाय "घनश्‌श्याम" असं म्हणून बघा, "न"वर जोर येतो, तो दोन धरायचा. याउलट आपल्या पानावरच्या "गड्यांनो"तल्या "ग"वर जोर येत नाही, म्हणून तो एकच. "चला गड्यांनो" आठ. कागदावरच्या जोडाक्षरापेक्षा तोंडातला आघात खरा. यावर वाद घालायला लोक आयुष्य घालवतात, आपण पुढे जाऊ या. माधव ज्यूलियनांचं 'छंदोरचना' असेल तर चाळा. योगायोग म्हणजे ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते जळगावच्या संमेलनात आणि तेही १९३६ सालीच.

रेडिओवेडांच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नाही. मजकूर एका काळातला वाटतो, चाल दुसऱ्या काळातली.

बाईंडिंगवाला
मी गाण्यातला नाही. जुन्या वह्या आणि पोथ्या शिवून देतो, तीस वर्षं तेच करतोय. फोटो मोठा करून पाहिला. तुमच्यापैकी कुणी पाण्याचा डाग बघितला का?

पानाच्या उजव्या बाजूला ओल गेलीय. तिथे "तीरां" आणि "घरदारा" ही अक्षरं फुटलीत, निळसर-काळी शाई पसरून केसासारख्या रेघा आल्यात. तो टाक आहे किंवा शाईचं पेन. पण "चा. घन" त्याच डागाच्या ऐन मध्यात आहे आणि ते जसंच्या तसं, एक रेघ हललेली नाही. एकाच ओलीत एक शाई फुटते आणि दुसरी नाही, म्हणजे ती एक शाई नव्हे. मला ते बॉलपेन वाटतं. अंजनीकाठ, पान उलटं करा आणि मागून बोट फिरवा. बॉलपेन दाबून लिहिलं की मागे उंचवटा लागतो. टाकाचा तसा लागत नाही.

मागच्या बाजूला काय आहे? त्याचाही फोटो टाका.

अंजनीकाठ
बाईंडिंगवाले दादा, अंगावर काटा आला. मागून बोट फिरवलं. "चा. घन"च्या जागी स्पष्ट खडबड लागते, बाकी पान गुळगुळीत.

मागे घरखर्च आहे. "गूळ, घासलेट, चहापत्ती, सुतळी". पुढे रुपये-आणे-पै. मी तो आधीच पाहिला होता पण गाण्याशी संबंध नाही म्हणून सोडून दिला. हा फोटो.

बाईंडिंगवाला
संबंध आहे. आता बघायचं आधी काय लिहिलं, गाणं की हिशोब. कागद पातळ आहे, गाण्याची शाई मागे उतरलीय. हिशोबाच्या ओळी सरळ जाता जाता "घासलेट"पाशी खाली वळतात, पुन्हा वर येतात. नेमक्या तिथेच, जिथे पुढच्या बाजूच्या "नगर"ची शाई मागे आलीय. म्हणजे हिशोब लिहिणाऱ्याने डाग चुकवला. गाणं आधी, हिशोब नंतर.

मात्रा_मोजणी
आणि हिशोब आण्यांत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्यानंतरही काही वर्षं लोक सवयीने आणे लिहीत राहिले, म्हणून मी फार ताणणार नाही, पण पै कुणी इतक्या बारकाईने साठनंतर लिहीत असेल असं वाटत नाही. थोडक्यात, गाणं आधी लिहिलं, मागे आण्यांतला हिशोब नंतर आला, आणि "चा. घन" हे कुणीतरी त्याच्याही नंतर, बॉलपेनने टाकलं. रेडिओवेडा, तुमची चाल साठच्या दशकातलीच. सावदेकर, तुमचं फैजपूरही शाबूत. चालीचं नाव कवीचं नाहीच, नंतरच्या कुणाचं तरी आहे, ज्याला जुनं गाणं नव्या चालीत बसतं हे सापडलं.

अंजनीकाठ, घरात साठच्या दशकात शाळकरी वयाचं कोण होतं?

अंजनीकाठ
जिजी. वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. आता जळगावला असते. उद्या फोन करतो.

माहेर_धुळे
आजच करा. माझ्यासारखं करू नका.

अंजनीकाठ
केला. अर्धा तास बोलली. जेवढं आठवतंय तेवढं तसंच लिहितो.

आधी तिला ओळी वाचून दाखवल्या. "कापुस वेंचुनि" म्हटलं आणि पलीकडून ती गायलाच लागली. चाल "घन घन माला"ची, शंकाच नाही. मग मी विचारलं, कोपऱ्यात चाल कुणी लिहिली? थोडा वेळ गप्प. मग हसली. म्हणाली, "मीच रे. शाळेच्या गॅदरिंगला आम्हा पोरींना देशभक्तीचं गाणं हवं होतं. आप्पांच्या वहीतलं घेतलं. पण आप्पांची चाल रडकी, कुणी नाचेना. तेव्हा रेडिओवर ते पावसाचं गाणं सारखं लागायचं, मी त्यात बसवून टाकलं. विसरू नये म्हणून कोपऱ्यात लिहून ठेवलं. वहीत बॉलपेननं लिहिलं म्हणून आप्पांनी कान पिळला होता."

फैजपूरबद्दल विचारलं. ती म्हणते, आप्पा तिथे स्वयंसेवक म्हणून गेले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण गाणं त्यांनी रचलं की कुणाचं उतरवून आणलं हे तिने कधी विचारलं नाही. "उठता बसता काय विचारणार त्यांना?"

सावदेकर
स्वयंसेवक! बघा. मी म्हणत होतो.

मात्रा_मोजणी
तुम्ही सानेगुरुजी म्हणत होतात. पण असो, फैजपूरचं श्रेय तुमचं.

अंजनीकाठ, सर्वांत महत्त्वाचं राहिलं. आप्पांची ती "रडकी" चाल कोणती? आणि भोकातली ओळ जिजींना येते का?

अंजनीकाठ
दोन्ही विचारलं होतं. ओळ ती अशी म्हणाली: "चला गड्यांनो, झेंडा घेउनि…" आणि पुढे नुसतं "ला ला लाला ला". गॅदरिंगला तिथे पोरी टाळ्या वाजवायच्या म्हणे, त्यामुळे शब्द तोंडात राहिलेच नाहीत.

आप्पांच्या चालीबद्दल म्हणाली, "ती झेंड्याची चाल." म्हणजे "झेंडा ऊंचा रहे हमारा"? विचारलं तर "असेल, मला काय ठाऊक" एवढंच.

मात्रा_मोजणी
"चला गड्यांनो" आठ, "झेंडा घेउनि" आठ. जिजींची आठवण मापात आहे, म्हणजे ती रचून सांगितलेली नसावी. उरल्या दहा.

"झेंडा ऊंचा रहे हमारा" मात्र मला अडचणीचं वाटतं. त्याची ओळ सोळाची. "कापुस वेंचुनि ढोरें बांधुनि" इथपर्यंत छान बसेल, मग "सोडुनि घरदारा" लोंबकळत राहणार. ते दहा वेगळ्या तुकड्यावर म्हणत असतील तर शक्य आहे, पण ती चाल रडकी म्हणण्यासारखीही नाही. मला शंका येते की "झेंड्याची चाल" म्हणजे चालीचं नाव नव्हे, झेंडावंदनाला म्हणायचं ते गाणं, एवढंच जिजींच्या मनात असेल.

रेडिओवेडा
किंवा ती रडकी चाल म्हणजे भूपाळीच. प्रभातफेरीत पहाटे म्हणायची तर भूपाळीच्या चालीवर रचणं स्वाभाविक आहे. माझा पहिला नाही, दुसरा अंदाज तरी लागू द्या.

मात्रा_मोजणी
अशक्य नाही. पण "ढोरें" अडखळतात.

रेडिओवेडा
पहाटेच्या थंडीत सगळंच अडखळतं हो.

बाईंडिंगवाला
भोकाकडे परत या. कसरीने कागद खाल्ला तरी कडेला शाई राहते. मोठ्या फोटोत "गड्यांनो"नंतर एक उभी रेघ आणि वर मात्रा दिसते, ती "झें"ची असू शकते. आणि ॥धृ॥ च्या अगदी आधी एका अक्षराची शेपटी आहे, त्यावर अनुस्वाराचा टिंब. शेवटचं अक्षर "रां" किंवा "रें" असावं. खिडकीच्या काचेवर पान धरून, मागून उजेड येऊ देऊन फोटो काढा. पण चिकटपट्टी लावू नका, कृपा करा. जपानी टिश्यू आणि मैद्याची पातळ खळ लावायची, तेही मागून.

अंजनीकाठ
काढला फोटो. "रें"च आहे. "सारें"शी यमक. त्याच्या अलीकडे काही नाही, नुसती हवा.

रविवारी जिजीकडे जातोय, पेटी घेऊन. भूपाळी वाजवून बघतो, मग झेंडागीत. कुठल्या चालीला ती "हीच" म्हणते ते इथे लिहीन.

माहेर_धुळे
ती गाईल तेव्हा रेकॉर्ड करा. आणि टाळ्यांच्या जागी तिला थांबवू नका, जाऊ द्या तसंच.